उत्तरांवर बंधन, पण पुढच्या प्रवासावर नाही: एका कथक वर्गाच्या स्टोरीचे प्रकरण

ठाण्यातील एका कथक वर्गाने वार्षिक कार्यक्रमाच्या रात्री आपल्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकलेली एक स्टोरी आणि तिच्यावरून पुढच्या दोन दिवसांत पालकांनी घेतलेली हरकत, एवढ्यापुरतेच हे प्रकरण मर्यादित आहे. कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वर्ग चालवणाऱ्या ताईंना सेटिंग्जची माहिती नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण स्टोरीला कोणी उत्तर द्यावे यावर त्यांनी काही महिन्यांपूर्वीच बंधन घातले होते. तरीही त्यांच्या विद्यार्थिनींच्या व्हिडिओवर अनोळखी माणसांनी शेरे मारले, आणि ते शेरे ताईंना दिसलेसुद्धा नाहीत. हे कसे घडले याचा उलगडा करायचा, तर उत्तराची परवानगी आणि रीशेअरची परवानगी या दोन गोष्टी किती स्वतंत्रपणे चालतात ते पाहावे लागते.

खाते सार्वजनिक होते आणि ‘प्रोफेशनल’ प्रकारात नोंदवलेले होते, कारण प्रवेशाच्या चौकशीसाठी संपर्काचे बटण आणि प्रेक्षकांची आकडेवारी ताईंना हवी होती. चारेक हजार फॉलोअर होते. ताई स्वतः ज्यांना फॉलो करत अशी खाती तीनशेच्या आसपास होती आणि ती बहुतेक इतर नर्तकांची, वादकांची आणि जुन्या विद्यार्थिनींची होती. पालकांपैकी मोजक्याच जणांना त्या फॉलो करत. पूर्वी रियाजाच्या एका व्हिडिओला काही अपरिचितांनी आचरट उत्तरे पाठवल्यावर त्यांनी Messages and story replies या सेटिंगमध्ये जाऊन, ज्या फॉलोअरांना आपणही फॉलो करतो त्यांनाच उत्तर देता येईल, हा मधला पर्याय निवडला होता. या पर्यायाच्या एका बाजूला सर्वांना मुभा आणि दुसऱ्या बाजूला उत्तरे पूर्ण बंद, असे दोन टोकाचे पर्याय असतात.

कार्यक्रमाच्या रात्री त्यांनी एकामागून एक सात स्टोऱ्या टाकल्या. तिसऱ्या स्टोरीत आठ ते अकरा वर्षांच्या मुलींच्या तराण्याचा छोटा व्हिडिओ होता आणि त्यावर आभार म्हणून तीन खात्यांचा उल्लेख, म्हणजे मेन्शन, केलेला होता. पहिले खाते पोशाख भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्यांचे, दुसरे छायाचित्रकाराचे आणि तिसरे, मुलींची तयारी करून घेणाऱ्या वर्गातल्याच पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीचे होते. सार्वजनिक खात्याच्या स्टोरीत एखाद्याचा उल्लेख केला की त्या व्यक्तीला मेसेजमध्ये त्याची सूचना जाते आणि तिथेच Add to your story असा पर्याय दिसतो. तो दाबला की मूळ स्टोरी तिच्या स्वतःच्या स्टोरीत चौकटीसारखी बसते, हवी तशी लहानमोठी करता येते आणि तिच्याभोवती मजकूरही लिहिता येतो. ही सोय 2018 पासून आहे आणि बहुतेकांच्या ती इतकी अंगवळणी पडली आहे की उल्लेख करणे म्हणजे पुढे पसरवण्याची परवानगी देणे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

तिघांनी त्या सूचनेला तीन प्रकारे प्रतिसाद दिला. छायाचित्रकाराने काहीच केले नाही. विद्यार्थिनीने स्टोरी पुढे टाकली, पण तिचे खाते अल्पवयीनांसाठीच्या प्रकारातले, म्हणजे आपोआप खाजगी ठेवलेले असल्याने ती फक्त तिच्या मान्य केलेल्या फॉलोअरांनाच दिसली आणि उत्तरेही मैत्रिणींचीच आली. ड्रेपरीवाल्यांनी मात्र व्हिडिओभोवती ‘गॅदरिंगसाठी बुकिंग सुरू’ असा मजकूर व मोबाइल क्रमांक घालून तो आपल्या सार्वजनिक खात्यावर टाकला. त्यांच्या खात्यावर उत्तरे सर्वांना खुली होती, कारण गिऱ्हाइकांची चौकशी तिथूनच येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चोवीस तास संपण्याआधी, त्यांनी ती स्टोरी आपल्या प्रोफाइलवरच्या हायलाइटमध्येही ठेवली.

त्याच रात्री एका पालकांचा व्हॉट्सॲपवर संदेश आला, “ताई, मुलींचा व्हिडिओ ड्रेपरीवाल्यांना जाहिरातीसाठी तुम्ही दिलात का? माझ्या बहिणीने तिथे पाहिला.” ताईंनी आपल्या खात्यावर पाहिले तर मूळ स्टोरी वेळ संपल्याने निघून गेलेली होती. दुकानाच्या हायलाइटमध्ये मात्र ती जशीच्या तशी होती. दुकानदारांना फोन केल्यावर कळले की त्यांच्याकडे उत्तरादाखल आलेल्या संदेशांत पोशाखाच्या चौकशांबरोबर मुलींच्या दिसण्याबद्दलचे दोन-तीन नकोसे शेरेही होते. त्यांनी ते वाचून सोडून दिले होते. ताईंचा पहिला प्रश्न साहजिक होता: “मी तर बाहेरच्यांची उत्तरे बंद केली होती ना?”

त्यांनी ती बंद केली होती हे खरेच आहे, पण त्या सेटिंगची सत्ता कुठपर्यंत चालते ते पाहायला हवे. स्टोरीखालच्या चौकटीत लिहिलेले उत्तर किंवा तिथल्या झटपट इमोजी हा प्रत्यक्षात खाजगी मेसेज असतो आणि तो स्टोरी टाकणाऱ्या खात्याच्या इनबॉक्समध्ये जातो. उत्तराचे सेटिंग एवढेच ठरवते की ही चौकट कोणाला दिसावी. ते खात्याला लागू असते, एकेका स्टोरीला नाही. त्यामुळे आजच्या स्टोरीला पालकांनी उत्तर द्यावे आणि उद्याच्या प्रवेशाच्या जाहिरातीला कोणीही द्यावे, अशी सोय त्यात करता येत नाही. स्टोरी कोणी पाहावी यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. बदामाचे चिन्ह दाबून दिलेली पसंती 2022 पासून मेसेजमध्ये येत नाही, ती प्रेक्षकांच्या यादीत दिसते, आणि तिच्यावरही हे सेटिंग चालत नाही. प्रश्नाचे किंवा मतचाचणीचे स्टिकर लावले तर त्यांची उत्तरे वेगळ्या वाटेने येतात. स्टोरीवर इतर प्रेक्षकांनाही दिसणारी टिप्पणी करण्याची सोय 2024 मध्ये आली, तिचे नियंत्रणही निराळे आहे. आणि ज्याला उत्तराची चौकट दिसत नाही तो माणूस प्रोफाइलवर जाऊन साधा मेसेज पाठवू शकतोच. तो इनबॉक्समध्ये यावा, विनंत्यांच्या कप्प्यात जावा की येऊच नये, हे मेसेजचे सेटिंग ठरवते.

या शेवटच्या मुद्द्याचा उलटा फटका ताईंना बसला होता. ज्यांना त्या फॉलो करत नव्हत्या अशा पालकांना उत्तराची चौकटच दिसत नव्हती. ‘व्हिडिओ काढून टाकाल का’ असे दोन मातांना पहिल्याच रात्री लिहायचे होते. त्यांतल्या एकीने शोधून प्रोफाइलवरून मेसेज पाठवला, तो विनंत्यांमध्ये पडून राहिला. दुसरीने नाद सोडला. नकोशा लोकांना दूर ठेवण्यासाठी लावलेल्या गाळणीत नेमकी हवी ती माणसे अडकली होती, आणि स्टोरीवर एकही तक्रार आली नाही याचा अर्थ ताईंनी कोणाची हरकत नाही असा घेतला होता.

आता रीशेअरकडे वळू. ड्रेपरीवाल्यांनी Add to your story दाबले त्या क्षणी नवी स्टोरी तयार झाली आणि तिचे मालक दुकानदार झाले. तिचे चोवीस तास त्यांनी टाकल्यापासून मोजले गेले, तिचे प्रेक्षक त्यांच्या खात्याचे, आणि तिला उत्तर देण्याची मुभा त्यांच्या खात्याच्या सेटिंगप्रमाणे. ताईंनी घातलेले उत्तराचे बंधन स्टोरीबरोबर प्रवास करत नाही, कारण ते मुळात स्टोरीला चिकटलेले नव्हतेच. दुकानाच्या स्टोरीवर दिलेले उत्तर दुकानाच्या इनबॉक्समध्ये जाते, आणि चौकटीत ताईंच्या खात्याचे नाव दिसत असले तरी त्यांना त्यातले अक्षरही कळत नाही. विद्यार्थिनीने दाबलेले बटण तेच होते; निकाल वेगळा लागला तो तिचे खाते खाजगी होते म्हणून. मूळ स्टोरी टाकणाऱ्याच्या हातात एवढेच उरते की पुढे टाकण्याची संधी मुळात कोणाला द्यायची, आणि ती संधी या प्रकरणात उल्लेखाने दिली गेली.

उल्लेखाखेरीज स्टोरी बाहेर जाण्याच्या आणखी वाटा आहेत. कागदी विमानाच्या चिन्हावरून कोणीही प्रेक्षक सार्वजनिक खात्याची स्टोरी दुसऱ्याला मेसेजमध्ये पाठवू शकतो, आणि Sharing and reuse या सेटिंगमध्ये ते बंद करता येते. खाते खाजगी असेल तर अशी पाठवलेली स्टोरी आधीपासून फॉलोअर असलेल्यालाच उघडते. अलीकडे सार्वजनिक खात्याची स्टोरी, मालकाने मनाई केली नसेल तर, उल्लेख नसतानाही स्वतःच्या स्टोरीत घेण्याचा पर्याय मिळू लागला आहे, आणि त्याचीही कळ याच ठिकाणी आहे. त्याच पानावर पोस्ट आणि रील इतरांच्या स्टोरीत जाऊ द्यायच्या की नाहीत याची कळ वेगळी असते. अनेक जण तीच बंद करून स्टोरीचाही बंदोबस्त झाला असे समजतात. राहता राहिला स्क्रीनशॉट. स्टोरीचा स्क्रीनशॉट घेतला किंवा स्क्रीनचे चित्रण केले तर मालकाला सूचना जात नाही, आणि हे थांबवणारे कोणतेही सेटिंग नाही.

खाते खाजगी करून टाका, हा सल्ला ताईंना तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला. तो इथे लागू पडत नव्हता. प्रोफेशनल प्रकारातले खाते खाजगी करता येत नाही, त्यासाठी आधी ते साध्या प्रकारात आणावे लागते आणि मग संपर्काचे बटण व आकडेवारी दोन्ही जातात. शिवाय नव्या प्रवेशांपैकी बरेच जण वर्गाच्या स्टोऱ्या पाहूनच येत, ते दार बंद करणे वर्गाला परवडणारे नव्हते. व्हॉट्सॲप स्टेटसवर टाका, अशीही सूचना आली. स्टेटस कोणत्या संपर्कांना दिसावे हे तिथे नीट निवडता येते हे खरे, परंतु 2024 पासून तिथेही संपर्कातल्या माणसाचा उल्लेख करता येतो आणि उल्लेख झालेल्याला ते स्टेटस पुढे टाकता येते. म्हणजे आभाराची तीच सवय तिथे नेली असती तर प्रश्न फक्त जागा बदलून आला असता.

प्रत्यक्षात काय चालू आहे आणि काय बंद, हे सेटिंगच्या पानांवरून नव्हे तर प्रेक्षकाच्या बाजूने तपासले. मालकाला स्वतःच्या स्टोरीवर उत्तराची चौकट कधीच दिसत नाही, त्यामुळे आपल्या फोनवरून पाहून काही कळत नाही. ताईंनी एका रिकाम्या रंगमंचाचे छायाचित्र स्टोरीत टाकले आणि ते तीन फोनवर उघडले: ज्यांना त्या फॉलो करतात अशा एका सहकलाकाराच्या, ज्यांना करत नाहीत अशा एका पालकांच्या, आणि त्यांचा फॉलोअरच नसलेल्या एका नातेवाइकाच्या. उत्तराची चौकट फक्त पहिल्या फोनवर होती. कागदी विमान मात्र तिन्हींवर होते. या दहा मिनिटांच्या पाहणीने जे स्पष्ट झाले ते तासभर समजावून सांगून झाले नसते. आकडेवारीचाही थोडा उपयोग झाला. प्रोफेशनल खात्याला प्रत्येक स्टोरीला किती उत्तरे आली आणि ती किती वेळा शेअर झाली हे दिसते. तिसऱ्या स्टोरीला उत्तरे जवळजवळ शून्य आणि शेअर इतर स्टोऱ्यांपेक्षा बरेच जास्त, असे चित्र होते. नावे त्यात कळत नाहीत, पण बोलणे आपल्याकडे न होता दुसरीकडे कुठेतरी होते आहे, एवढा अंदाज या विषम आकड्यांवरून बांधता येतो.

दुकानदारांनी विनंतीवरून हायलाइटमधून स्टोरी लगेच काढली. हायलाइटमधून काढल्यावर ती इतरांना दिसत नाही, मात्र मालकाच्या अर्काइव्हमध्ये राहते आणि पुन्हा हायलाइटला लावता येते, म्हणून ती तिथूनही पुसायला सांगितली. मूळ स्टोरी चालू असतानाच ताईंनी ती काढली असती तर काम आपोआप झाले असते का, असा प्रश्न पालकांच्या बैठकीत निघाला. त्या भरवशावर राहू नये, पुढच्या खात्यावर जाऊन पाहावे आणि त्या मालकाशी बोलावे, हेच उत्तर देणे योग्य होते.

नवी व्यवस्था ठरवताना मुलींचा चेहरा दिसणाऱ्या स्टोऱ्या आणि बाकीच्या स्टोऱ्या यांची फारकत केली. पहिल्या प्रकारच्या स्टोऱ्या आता Close Friends या यादीपुरत्याच टाकल्या जातात आणि यादीत फक्त चालू वर्षाच्या पालकांची खाती आहेत. अशा स्टोरीभोवती हिरवे कडे दिसते, त्यामुळे ही मर्यादित लोकांसाठी आहे हे पाहणाऱ्यालाही कळते, आणि ती इतरांना पाठवण्याची किंवा स्वतःच्या स्टोरीत घेण्याची सोय तिच्यावर नसते. त्यावर कोणाचाही उल्लेख करायचा नाही. ड्रेपरीवाले, ध्वनिसंयोजक, सभागृह यांचे आभार स्वतंत्र सार्वजनिक स्टोरीत मानायचे, आणि तिच्यात घुंगरू, रंगमंच किंवा स्वतः ताई असाव्यात. ती त्यांनी खुशाल पुढे टाकावी, त्यासाठीच ती आहे. इतरांना आपली स्टोरी त्यांच्या स्टोरीत घेता येण्याची कळ बंद केली. मेसेजमधून पाठवण्याची चालू ठेवली, कारण प्रवेशाची जाहिरात मैत्रिणी एकमेकींना अशाच पाठवतात.

उत्तराच्या सेटिंगचा निर्णय यापेक्षा अवघड गेला. मधला पर्याय तसाच ठेवून सगळ्या पालकांना फॉलो करावे, की उत्तरे सर्वांना खुली करावीत? पालकांच्या घरगुती पोस्ट आपल्या फीडमध्ये ताईंना नको होत्या, आणि पालकांनाही शिक्षिकेने आपल्याला फॉलो करावे असे वाटत असेलच असे नाही. शेवटी उत्तरे सर्वांना खुली केली आणि गाळणी मेसेजच्या टप्प्यावर लावली. Hidden Words या सोयीत आपण दिलेले शब्द असलेल्या मेसेज विनंत्या बाजूच्या कप्प्यात जातात. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, परंतु त्याला खटपट लागते. तयार यादी मराठी शिव्यांना आणि आडवळणाच्या शेऱ्यांना पुरत नाही; प्रत्येक शब्द देवनागरीत, आणि लोक रोमन लिपीत तो ज्या दोन-तीन प्रकारे लिहितात त्या प्रत्येक रूपात, स्वतः भरावा लागतो. वारंवार त्रास देणाऱ्या खात्यासाठी रिस्ट्रिक्ट वापरायचे ठरले. त्याने त्या माणसाला स्टोरी दिसणे थांबत नाही, फक्त त्याची उत्तरे विनंत्यांमध्ये जातात आणि आपण ती वाचली की नाही हे त्याला कळत नाही. स्टोरीच दिसू नये असे वाटत असेल तर ती त्या खात्यापासून लपवणे किंवा खाते ब्लॉक करणे भाग असते.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा सेटिंगमध्ये नसून यादीत आहे. वर्ग सोडून गेलेल्यांची नावे Close Friends मधून काढली नाहीत तर दोन-तीन वर्षांत ती यादी अर्धी अनोळखी होते. काढल्याची सूचना कोणाला जात नाही, त्यामुळे संकोचाचे कारण नाही. म्हणून दर जूनला, नव्या प्रवेशांच्या वेळी, हजेरीपट समोर ठेवून यादी जुळवायची असे ठरले आहे. जे पालक इन्स्टाग्रामवर नाहीत त्यांना व्हिडिओ थेट व्हॉट्सॲपवर पाठवला जातो. आणि यादीतल्याच एखाद्याने स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे टाकला तर त्यावर तांत्रिक उपाय नाही, हे बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगितले गेले. दोन पालकांनी त्यानंतर आपल्या मुलींचे चित्रण कोणत्याही स्टोरीत नको असे लिहून दिले.

छायाचित्रकाराचा प्रश्न या सगळ्याच्या बाहेर राहिला. त्याने त्या रात्री रीशेअर केले नव्हते, पण चित्रण त्याच्याच कॅमेऱ्यातले होते. ते त्याने स्वतःच्या खात्यावर स्वतःची स्टोरी म्हणून टाकले असते तर ताईंच्या खात्यावरची एकही कळ तिथे चालली नसती. म्हणून या वर्षीपासून आगाऊ रक्कम देताना त्याला पाठवायच्या संदेशात तारीख, वेळ आणि दराच्या खाली एक ओळ वाढवली आहे: “मुलींचे कोणतेही छायाचित्र किंवा व्हिडिओ वर्गाला विचारल्याशिवाय आपल्या खात्यावर टाकू नये, हायलाइटमध्येही नाही.” ड्रेपरीवाल्यांच्या बुकिंगच्या संदेशातही आता तीच ओळ जाते.